बूलियन समीकरण, गेटची आकृती आणि के-मॅप: पाच आयसींचं सर्किट एका आयसीत कसं बसतं

अंक दाखवणाऱ्या सात पट्ट्यांच्या डिस्प्लेमागे खरं तर सात वेगळी सर्किटं असतात, प्रत्येक पट्टीसाठी एक. पट्ट्यांची नावं a ते g. वरची आडवी पट्टी a, तिथून घड्याळाच्या दिशेने b, c, d, e, f आणि मधली आडवी g. या लेखात आपण फक्त e घेणार आहोत, म्हणजे डावीकडची खालची उभी पट्टी. शून्य ते नऊ या दहा अंकांपैकी ती फक्त ०, २, ६ आणि ८ या चार अंकांत पेटते. तिचं मूळ समीकरण लांबलचक आहे, त्याची आकृती पसरट येते, आणि के-मॅपमधून काढल्यावर तेच काम चौदा पिनांच्या एका आयसीत होतं. सरावासाठी मनाने रचलेल्या समीकरणांपेक्षा हे उदाहरण बरं, कारण उत्तर बरोबर आलं की नाही हे डोळ्यांनी पाहता येतं.

इनपुट चार आहेत: A, B, C, D. A ची किंमत ८, B ची ४, C ची २ आणि D ची १. म्हणजे ६ हा अंक 0110 असा येतो. हा क्रम कागदाच्या कोपऱ्यात आत्ताच लिहून ठेवा. पुढे होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक या क्रमाच्या उलटापालटीतून येते.

## समीकरण लिहिणं

ज्या अंकांना e पेटायला हवी, त्या प्रत्येक अंकासाठी एक गुणाकार लिहायचा. बिट १ असेल तर अक्षर तसंच ठेवायचं, ० असेल तर त्याचा नकार घ्यायचा. नकारासाठी इथे अक्षरानंतर ' ही खूण वापरली आहे. वहीत आपण अक्षरावर आडवी रेघ देतो.

```
e = A'B'C'D' + A'B'CD' + A'BCD' + AB'C'D'
       0          2         6         8
```

रेघेबद्दल एक सावधगिरी. A'B' लिहिताना दोन अक्षरांवरच्या दोन रेघा घाईत एकमेकींना चिकटल्या, तर ते (AB)' होतं, आणि ते वेगळं समीकरण आहे. A=0, B=1 घेऊन पाहा: A'B' ची किंमत ० येते आणि (AB)' ची १. पहिल्यासाठी दोन नॉट गेट आणि एक अँड लागतो, दुसऱ्यासाठी एकच नँड. आकृती सुबक दिसते, पण ती दुसऱ्याच समीकरणाची असते. म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ सुटी काढायची सवय लावा.

## समीकरणावरून आकृती

आकृती डावीकडून उजवीकडे वाचली जाते, पण तिचा विचार उजवीकडून सुरू करावा. समीकरणाची किंमत काढताना सर्वांत शेवटी कोणती क्रिया होते, हे स्वतःला विचारा. आधी कंस, मग नकार, मग गुणाकार, शेवटी बेरीज असा क्रम असतो. आपल्या समीकरणात शेवटी चार पदांची बेरीज होते, म्हणजे आउटपुटला चार इनपुटांचा ऑर गेट आला. त्याच्या प्रत्येक इनपुटात एक गुणाकार जातो, म्हणून त्याच्या मागे चार अँड गेट, प्रत्येकी चार इनपुटांचे. अँड गेटांच्या मागे नकार.

नकारांपाशी बरेच जण जास्तीचे गेट काढतात. समीकरणात रेघ असलेली अक्षरं मोजली तर ती बारा भरतात, पण नॉट गेट बारा लागत नाहीत. A चा नकार एकदा तयार झाला की तीच तार हवी तितक्या ठिकाणी नेता येते. म्हणून कागदाच्या डाव्या बाजूला आठ उभ्या रेषा ओढा: A, A', B, B', C, C', D, D'. प्रत्येक जोडीत एक नॉट गेट, असे एकूण चार. मग प्रत्येक अँड गेटचं इनपुट आडव्या रेषेने योग्य त्या उभ्या रेषेपर्यंत न्या आणि जिथे जोड आहे तिथे ठळक ठिपका द्या. ठिपका नसेल तर रेषा एकमेकींना फक्त ओलांडतात, जोडल्या जात नाहीत. ठिपका विसरणं ही बारीक चूक वाटते, पण आकृती पाहून जोडणी करणारा माणूस त्या जागी तार लावणारच नाही.

प्रत्येक गेटच्या आउटपुटावर तिथली अभिव्यक्ती लिहा: पहिल्या अँडवर A'B'C'D', दुसऱ्यावर A'B'CD', याप्रमाणे. मग एक अंक घेऊन तो आकृतीतून चालवून पाहा. ६ म्हणजे 0110 दिला तर तिसऱ्या अँडच्या चारही इनपुटांवर १ यायला हवा आणि बाकी तिन्ही अँडचं आउटपुट ० राहायला हवं. तसं होत नसेल तर कुठल्या तरी अँडची तार शेजारच्या रेषेला लागली आहे.

आता हिशेब. चार इनपुटांचे गेट प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणून दोन इनपुटांचेच वापरायचे असं धरू. चार अक्षरांच्या एका गुणाकाराला तीन अँड लागतात, म्हणजे चार पदांना बारा. चार पदांच्या बेरजेला तीन ऑर. शिवाय चार नॉट. एकूण एकोणीस गेट. एका 7408 मध्ये चार अँड असतात म्हणून त्या तीन, 7432 एक आणि 7404 एक: पाच आयसी. हे सगळं एका पट्टीसाठी, आणि अशा सहा पट्ट्या अजून बाकी आहेत.

## मॅप मांडणं

समीकरण लहान होतं ते एकाच नियमामुळे. दोन पदांत बाकी सगळं सारखं असून एकच अक्षर एकीकडे सरळ आणि दुसरीकडे नकारात असेल, तर ते अक्षर गळून जातं:

```
A'B'C'D' + AB'C'D' = B'C'D'(A' + A) = B'C'D'
```

के-मॅप हा हीच जोडी डोळ्यांना दिसावी म्हणून केलेला तक्ता आहे. एडवर्ड व्हीच यांनी १९५२ मध्ये असा तक्ता मांडला होता. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नो यांनी १९५३ मध्ये त्याची मांडणी सुधारली, आणि आज आपण वापरतो ती तीच. तिचं सगळं मर्म ओळी आणि स्तंभांच्या क्रमात आहे. तो 00, 01, 11, 10 असा असतो. मोजणीच्या सवयीने हात 00, 01, 10, 11 लिहायला जातो, आणि तिथेच मॅप निकामी होतो. कारण 01 आणि 10 यांत दोन बिट वेगळे आहेत. ते शेजारी ठेवले तर शेजारच्या चौकटी जोडून कोणतंच अक्षर गळत नाही. बरोबर क्रमात शेजारच्या दोन चौकटींत नेहमी एकच बिट बदलतो, आणि शेवटचा 10 पुन्हा पहिल्या 00 चा शेजारी असतो. म्हणून मॅपची डावी कड उजवीला आणि वरची कड खालच्याला चिकटलेली आहे असं समजायचं.

आपल्या चार अंकांच्या चौकटींत १ भरू:

```
         CD
AB     00  01  11  10
00      1   0   0   1
01      0   0   0   1
11      0   0   0   0
10      1   0   0   0
```

वरच्या ओळीत डावीकडे ० आहे आणि उजव्या टोकाला २. दुसऱ्या ओळीच्या टोकाला ६, आणि सर्वांत खाली डावीकडे ८. तिसरा आणि चौथा स्तंभ अदलाबदल झाल्यासारखे दिसतात, त्यामुळे चौकटींचे अंक ओळीने मोजत भरू नका. प्रत्येक अंकाचे बिट पाहून त्याची जागा शोधा.

गट करायला कुठून सुरुवात करावी? ज्या १ ला शेजारी सर्वांत कमी, तिथून. ६ ला एकच शेजारी आहे, २. ८ लाही एकच, कडेवरून येणारा ०. म्हणून ६-२ ही जोडी आणि ८-० ही जोडी घ्यावीच लागते. पहिल्या जोडीत A=0, C=1, D=0 कायम राहतात आणि B बदलतो, म्हणून A'CD'. दुसरीतून B'C'D'. आता वरच्या ओळीत ० आणि २ कडेवरून शेजारी दिसतात आणि तीही जोडी करायचा मोह होतो. ती करू नका. दोघेही आधीच झाकले गेले आहेत, आणि A'B'D' हे पद जोडल्याने फक्त गेट वाढतात.

चार चार-अक्षरी पदांची दोन तीन-अक्षरी पदं झाली. पण इथे थांबलो तर निम्मंच काम झालं.

## जे इनपुट येणारच नाहीत

चार बिटांत सोळा किंमती बसतात आणि आपण दहाच वापरतो. १० ते १५ या सहा किंमती अंक म्हणून येणारच नसतील, तर तिथे e पेटली काय नि विझली काय, सारखंच. अशा चौकटींत ० न भरता X भरतात. यांना डोन्ट केअर म्हणतात.

```
         CD
AB     00  01  11  10
00      1   0   0   1
01      0   0   0   1
11      X   X   X   X
10      1   0   X   X
```

X चा नियम असा: गट मोठा करायला उपयोगी पडत असेल तर तो १ धरा, नसेल तर ० धरा. शेवटचा स्तंभ आता पूर्ण भरला: २, ६, १४, १०. चारही ओळींत C=1 आणि D=0 कायम, म्हणून CD'. मग चार कोपरे पाहा: ०, २, ८ आणि X असलेली १० ची चौकट. कडा चिकटलेल्या असल्यामुळे या चारही चौकटींचा मिळून एकच चौकोनी गट होतो. त्यांत B=0 आणि D=0 कायम, म्हणून B'D'. क्रम 00, 01, 10, 11 लिहिला असता तर हे चार कोपरे कोपऱ्यांत आलेच नसते आणि हा गट कुणाला दिसला नसता.

```
e = B'D' + CD' = D'(B' + C)
```

तिसऱ्या ओळीत चार X रांगेत आहेत म्हणून त्यांचाही गट करणारे असतात. ज्या गटात एकही खरा १ नाही तो गट काढायचाच नाही. त्यातून येणारं AB हे पद कोणाच्याच उपयोगाचं नाही. आपल्या उत्तरात १० आणि १४ हे X १ झाले, उरलेले चार ० झाले.

A पूर्णपणे निघून गेला, हे पाहून शंका येते. म्हणून उत्तर अर्थाने तपासा. D' म्हणजे अंक सम आहे. (B' + C) खोटं होतं ते B=1 आणि C=0 असताना, आणि सम अंकांत तसा एकच अंक आहे, ४. म्हणजे समीकरण सांगतं: सम अंक असेल तर e पेटव, फक्त ४ सोडून. ०, २, ६, ८. बरोबर.

X ला एक मर्यादा आहे आणि ती सर्किट वापरताना लक्षात ठेवावी लागते. कागदावर आपण ‘काहीही चालेल’ म्हटलं, पण सर्किट झाल्यावर तिथे ठरावीक उत्तर येतं. वीज सुरू झाल्या क्षणी इनपुट देणारा काउंटर कुठल्याही स्थितीत असू शकतो. तो १० वर असला तर e पेटलेली दिसेल. डिस्प्ले चालवणाऱ्या 7447 या तयार आयसीतही १० आणि १४ ला विचित्र आकृत्या उमटतात आणि त्या दोन्हींत e पेटलेली असते. हे चालत नसेल, चुकीच्या इनपुटाला डिस्प्ले कोराच हवा असेल, तर X सोडून द्या आणि पहिल्या मॅपचं उत्तर वापरा.

## शून्यांचे गट आणि नॉर गेट

D'(B' + C) सरळ काढलं तर दोन नॉट, एक ऑर, एक अँड: चारच गेट, पण तीन वेगवेगळ्या आयसींत विखुरलेले. गेट मोजून समाधान मानू नका, आयसी मोजा. इथे मॅप दुसऱ्या बाजूने वाचायचा: एकांचे नाही, शून्यांचे गट करायचे. त्यातून e चा नकार मिळतो.

मधले दोन स्तंभ, 01 आणि 11, यांत फक्त ० आणि X आहेत. आठ चौकटींचा हा गट म्हणजे D. मग ४ ची चौकट उरली. तिला फक्त खालच्या १२ शी जोडलं तर BC'D' असं तीन अक्षरी पद येतं. पण शेजारच्या ५ आणि १३ या चौकटी आधीच्या गटात असल्या तरी पुन्हा घेता येतात, आणि मग चौघांचा गट होऊन पद BC' एवढंच राहतं. गट एकमेकांवर आले तर काही बिघडत नाही. छोटा गट ठेवला तर मात्र एक अक्षर फुकट वाढतं.

```
e' = D + BC'
e  = (D + BC')'
```

दुसरी ओळ म्हणजे सरळ नॉर गेट, इनपुट D आणि BC'. आता BC' कसं मिळवायचं? द मॉर्गन यांच्या नियमाने BC' = (B' + C)', म्हणजे पुन्हा नॉर. आणि B' साठी नॉरची दोन्ही इनपुटं B ला जोडली की झालं. (ऑगस्टस द मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईत झाला होता.) एकूण तीन नॉर. एका 7402 मध्ये चार असतात. पाच आयसींचं काम एका आयसीत आलं आणि त्यातलाही एक गेट शिल्लक राहिला. हेच नँडने केलं असतं तर पाच गेट, म्हणजे दोन आयसी लागल्या असत्या. म्हणून नेहमी दोन्ही वाचनं करून पाहावीत: एकांचे गट नँडकडे नेतात, शून्यांचे गट नॉरकडे.

## ब्रेडबोर्डवर

आयसी 74HC02 घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ती सहज मिळते. जोडणी अशी:

```
पिन 2, 3   <- B        पिन 1  = B'
पिन 5      <- पिन 1
पिन 6      <- C        पिन 4  = BC'
पिन 8      <- पिन 4
पिन 9      <- D        पिन 10 = e
पिन 11, 12 -> GND      पिन 13 मोकळी
पिन 7      -> GND      पिन 14 -> +5V
```

पिनांकडे नीट पाहा. 7400, 7408, 7432 या आयसींत पहिल्या गेटची इनपुटं १ आणि २ वर आणि आउटपुट ३ वर असतं. 7402 मध्ये आउटपुट १ वर आहे. हाताच्या सवयीने १ आणि २ ला इनपुट दिलं, तर आउटपुटावर बाहेरून व्होल्टेज लादलं जातं आणि आयसी गरम होते. 4001 मध्येही नॉरच असतात, पण तिचा पिनांचा क्रम आणखी वेगळा आहे, त्यामुळे ती वरच्या जोडणीत तशीच घालता येत नाही.

पिन ७ आणि १४ यांच्या दरम्यान, आयसीच्या जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. e पट्टीला (कॉमन कॅथोड डिस्प्ले असेल तर) १ किलोओहमचा रेझिस्टर द्या. लाल पट्टीवर साधारण २ व्होल्ट पडतात, म्हणजे सुमारे ३ मिलिअँपिअर जातात आणि HC आयसीला ते झेपतं. स्विच उघडा असताना इनपुट हवेत लटकू नये म्हणून B, C, D वर प्रत्येकी १० किलोओहम ग्राउंडकडे लावा. 74LS02 घेतली तर मात्र हा रेझिस्टर चालत नाही: LS च्या इनपुटातून बाहेर ०.४ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह येऊ शकतो, १० किलोओहमवर त्याचं व्होल्टेज ०.८ च्या खाली येण्याची खात्री राहत नाही आणि स्विच उघडा असूनही १ वाचला जाऊ शकतो.

आता शून्य ते नऊ, दहाही अंक देऊन पाहा. चुकलं तर चुकीचा नमुनाच दोष दाखवतो. ०, २, ६, ८ बरोबर ४ वरही e पेटत असेल, तर दुसऱ्या गेटचं आउटपुट कायम ० आहे: पिन ६ वर कायम १ येत असेल किंवा पिन २-३ पर्यंत B पोहोचत नसेल. ६ वर विझत असेल आणि ०, २, ८ ठीक असतील, तर C कायम ० आहे. २, ३, ८, ९ वर विझून ०, १, ४, ५, ६, ७ वर पेटत असेल, तर गेट नीट आहेत. इनपुटाच्या चार तारा उलट्या क्रमाने लागल्या आहेत.

## मॅप कुठे थांबतो

पाच अक्षरांसाठी दोन मॅप शेजारी काढून ते एकावर एक ठेवल्याची कल्पना करावी लागते. सहाला चार मॅप होतात आणि शेजारी सुटू लागतात. त्यापुढे तक्त्याची पद्धत, म्हणजे क्वाइन-मॅक्लस्की, किंवा संगणक.

दुसरी मर्यादा चार अक्षरांतही आहे. मॅप एका वेळी एकच आउटपुट पाहतो, तेव्हा दोन पट्ट्यांना सामाईक असलेलं काही त्याला दिसत नाही. ते आपण शोधायचं. d आणि g चे मॅप याच पद्धतीने काढले (९ च्या आकृतीत खालची पट्टी न पेटवता), तर येतं:

```
d = B'D' + CD' + B'C + BC'D
g = A + BC' + B'C + CD'
```

d ची पहिली दोन पदं म्हणजे जशीच्या तशी e. तेव्हा d साठी ती पुन्हा बांधायची नाहीत. पिन १० वरून तार न्यायची. दोन्हींना लागणारं BC' पिन ४ वर तयारच आहे, आणि B'C एकदा बांधलं की d आणि g दोघांनाही पुरतं.